पहिल्या अवघड पोस्टिंगच्या दिवसावर रिफ्लेक्टिव्ह निबंध: गिब्जच्या चक्रातून कसा लिहावा

नर्सिंगच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगनंतर रिफ्लेक्टिव्ह निबंध लिहायला सांगितला, की बहुतेक विद्यार्थी सकाळी साडेसातला वॉर्डात पाऊल ठेवल्यापासून दुपारी ड्यूटी संपेपर्यंतचा सगळा दिवस क्रमाने लिहून काढतात आणि शेवटी ‘मला खूप शिकायला मिळाले’ असे एक वाक्य जोडतात. असा निबंध वाचनीय असला तरी त्याला गुण मिळत नाहीत, कारण त्यात घडलेले सगळे असते आणि ते तसे का घडले याविषयी काहीच नसते. मी हा निबंध विद्यार्थी म्हणून लिहिला आहे आणि आता पोस्टिंगला येणाऱ्या मुलामुलींचे निबंध वाचते. म्हणून ही वाट एका नमुना प्रसंगासह मांडते.

येथे वापरलेले चक्र ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडले. त्यात सहा पायऱ्या आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा. कॉलेजने दुसरी चौकट सांगितली असेल तर अर्थातच तीच वापरावी. पण चौकट सांगितली नसेल, तर पहिल्या निबंधासाठी हे चक्र सोयीचे आहे, कारण ते भावनांना स्वतंत्र जागा देते आणि त्या इतर भागांत सांडू देत नाही.

1. लिहायला बसण्यापूर्वी काय जवळ हवे

- कॉलेजने दिलेला निबंधाचा नमुना आणि गुणांची विभागणी. शब्दमर्यादा आणि संदर्भ देण्याची पद्धत येथेच कळते.
- त्या पोस्टिंगची उद्दिष्टे. लॉगबुकमध्ये ती छापलेली असतात.
- एक छोटी वही, जिच्यात रुग्णाचे नाव, बेड नंबर किंवा इनडोअर नंबर कधीही लिहिलेला नाही.
- वर्गात वापरता ते मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचे पाठ्यपुस्तक आणि तुमच्या प्रसंगाशी थेट संबंध असलेले एक किंवा दोन विश्वासार्ह लेख.

केस पेपरचा किंवा टीपीआर चार्टचा मोबाइलवर काढलेला फोटो या यादीत नाही, आणि तो तुमच्या फोनमध्येही असता कामा नये. ‘फक्त आकडे नीट आठवावेत म्हणून काढला’ हे कारण कोणीही मान्य करणार नाही. नावागावाशिवायचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. निबंधाला तेवढे पुरतात.

निबंध बहुतेक कॉलेजांत इंग्रजीतच द्यावा लागतो. तरीही कच्चे टिपण ज्या भाषेत प्रसंग घडला त्याच भाषेत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्ण, नातेवाईक आणि सिस्टर काय बोलले ते जसेच्या तसे हाती राहते, आणि विश्लेषणाच्या वेळी नेमक्या त्या शब्दांचीच गरज पडते.

2. दिवस निवडू नका, प्रसंग निवडा

निबंधाचा विषय ‘माझा पहिला अवघड दिवस’ असा दिलेला असला, तरी सात-आठ तासांचा दिवस पंधराशे शब्दांत मावत नाही. त्या दिवसातील पंधरा ते चाळीस मिनिटांचा एक तुकडा निवडावा. निवडीची कसोटी सोपी आहे: ज्या क्षणी तुमच्यासमोर दोन मार्ग होते आणि तुम्ही त्यांतील एक घेतला, किंवा घ्यायला कचरलात, तो क्षण निवडावा. केवळ दुःखद असलेला, पण तुम्हाला काहीही ठरवायचे नव्हते असा प्रसंग या चक्रात नीट बसत नाही. दुरून पाहिलेला मृत्यू हा मोठा अनुभव असतो, परंतु त्यावर ‘पुढच्या वेळी मी काय करेन’ याचे उत्तर बेतलेलेच निघते.

नमुन्यासाठी मी एक प्रसंग रचला आहे. त्यातील माणसे खरी नाहीत, पण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची सकाळची गाडी पकडून वाशीला उतरणारी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी. नवी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयातील पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. ओव्हर संपल्यावर तिला सहा रुग्णांचे टीपीआर आणि बीपी घ्यायला सांगितले जाते. सव्वानऊच्या सुमारास न्यूमोनियासाठी आदल्या दिवशी दाखल झालेल्या, साठी ओलांडलेल्या एका काकांचा श्वास ती पूर्ण एक मिनिट मोजते. तो 28 भरतो. चार्टवर मात्र आदल्या दुपारपासून ओळीने 20, 20, 20 असे लिहिलेले आहे. ती पुन्हा मोजते, पुन्हा 28. सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय 95, नाडी 104, ताप 101.2, बीपी 118/76. काका शुद्धीवर आहेत, पण एक वाक्य दोन तुकड्यांत बोलतात.

ती काकांच्या पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून त्यांना टेकून बसवते आणि इंजेक्शने भरत असलेल्या सिस्टरांकडे जाऊन म्हणते, “सिस्टर, त्या काकांना जरा बरं वाटत नाहीये असं वाटतंय.” सिस्टर मान न वळवता “बघते” म्हणतात. ती परत येऊन काकांजवळ उभी राहते. साधारण अर्ध्या तासाने क्लिनिकल इन्स्ट्रक्टर राउंडला येतात, तेव्हा ती आकडा सांगते. त्या स्वतः मोजतात, निवासी डॉक्टरांना बोलावले जाते, ऑक्सिजन सुरू होतो आणि छातीचा एक्स-रे पुन्हा काढायला सांगितला जातो. काका वॉर्डातच स्थिर होतात.

येथे निवडायचा तुकडा म्हणजे 28 हा आकडा कळल्यापासून तो मोठ्याने सांगितला जाईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. गाडीची गर्दी, गणवेशाची धाकधूक, ओव्हरमध्ये न कळलेले शब्द हे सगळे त्या दिवशी घडले असले, तरी निबंधाबाहेर राहील.

3. त्याच रात्री टिपण करा, निबंध नंतर लिहा

घरी पोचल्यावर, शक्य असेल तर जेवण्याआधीच, वहीत तीन गोष्टी उतरवाव्यात: वेळेनुसार काय घडले, कोण नेमके काय बोलले, आणि प्रत्येक क्षणी शरीराला काय जाणवत होते. हे टिपण अर्ध्या पानाचे असले तरी चालते. विश्लेषणाला मात्र त्या रात्री हात लावू नये. त्या वेळी दोनच निष्कर्ष सुचतात, ‘सगळी चूक माझीच’ किंवा ‘सगळी चूक स्टाफची’, आणि एकदा कागदावर उतरलेला निष्कर्ष नंतर सोडवत नाही. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि मधल्या काळात वाचन करावे.

पंधराशे शब्दांच्या निबंधासाठी मी अशी विभागणी सुचवते: वर्णन सव्वादोनशे, भावना दीडशे, मूल्यमापन दोनशे, विश्लेषण साडेपाचशे, निष्कर्ष दीडशे आणि कृती आराखडा सव्वादोनशे. कच्च्या खर्ड्यात वर्णन सातशे शब्दांचे आणि विश्लेषण दोनशेचे झाले असेल, तर पुढे काहीही सुधारण्यापूर्वी हे प्रमाण सुधारावे.

4. ओळख पुसा, नुसते नाव नव्हे

रुग्णाचे नाव बदलले की गोपनीयता पाळली गेली, असा समज सर्वत्र आढळतो. ‘बेलापूरजवळच्या कोळीवाड्यातील, स्वतःची होडी असलेले, दोन मुली परदेशी असलेले काका’ असे लिहिले, तर नावाची गरजच उरत नाही. त्या परिसरातील कोणीही वाचक माणूस ओळखेल. व्यवसाय, गाव, कुटुंबाचा तपशील, दाखल झाल्याची तारीख आणि बेड नंबर यांपैकी जे विश्लेषणासाठी लागत नाही ते काढून टाकावे. आपल्या प्रसंगात ‘साठीपुढील पुरुष रुग्ण, न्यूमोनिया, दाखल होऊन एक दिवस’ एवढे पुरेसे आहे. त्यांनी आयुष्यभर विड्या ओढल्या असतील तर ते ठेवावे, कारण श्वासाशी त्याचा संबंध आहे.

कर्मचाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. वॉर्डाला इन्चार्ज सिस्टर एकच असतात, त्यामुळे ‘इन्चार्ज सिस्टर’ एवढे लिहिणे म्हणजे नाव लिहिल्यासारखेच असते. ‘एक अनुभवी परिचारिका’ असे लिहावे. रुग्णालयाचे नाव देऊ नये आणि निबंधाच्या सुरुवातीला एका वाक्यात ओळख लपवल्याचे नमूद करावे.

5. पहिली पायरी: वर्णन

वर्णनात फक्त दिसलेले, ऐकलेले आणि मोजलेले यावे. ‘सिस्टरांनी दुर्लक्ष केले’ हे वर्णन नाही, तो निवाडा आहे. ‘सिस्टर इंजेक्शने भरत होत्या, माझ्याकडे न पाहता त्या “बघते” म्हणाल्या’ हे वर्णन आहे. हा फरक बारीक वाटतो, परंतु पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते. वर्णनातच दुर्लक्षाचा शिक्का मारला, तर विश्लेषणात दुसरी शक्यता तपासायला जागाच राहत नाही.

आकडे येथे पूर्ण द्यावेत. ‘श्वास वाढला होता’ असे न लिहिता ‘मिनिटाला 28, दोनदा मोजून’ असे लिहावे. नमुना असा होईल:

‘सकाळी सव्वानऊच्या सुमारास मी रुग्णाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला. तो 28 होता. चार्टवरील मागील तीन नोंदी 20 अशा होत्या, म्हणून मी पुन्हा मोजले आणि तोच आकडा आला. रुग्ण वाक्य मध्येच थांबवून श्वास घेत होता. मी त्याला टेकून बसवले आणि एका परिचारिकेला सांगितले की रुग्णाला बरे वाटत नसावे. श्वासाचा आकडा मी सांगितला नाही.’

शेवटचे वाक्य पाहा. ते कोणाला दोष देत नाही आणि माफीही मागत नाही, पण निबंधाचा सगळा भार तेच पेलणार आहे.

6. दुसरी पायरी: भावना

येथे दोन टोके टाळायची असतात. काही विद्यार्थी ‘मी घाबरले होते’ एवढ्यावर थांबतात, तर काही दोन पाने हळहळतात. भावना प्रसंगाच्या टप्प्यांना जोडल्या की मोजक्या शब्दांत पुष्कळ सांगता येते. 28 मोजल्यावर पहिली शंका स्वतःवर आली. चार्टवरचे तीन वीस पाहिल्यावर ती वाढली, आणि सॅच्युरेशन 95 दिसल्यावर थोडा धीर आला. सिस्टरांकडे जाताना संकोच होता, ‘बघते’ ऐकल्यावर आधी सुटका वाटली आणि मग पुन्हा अस्वस्थता. इन्स्ट्रक्टरने तोच आकडा मोजल्यावर आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. ‘सुटका वाटली’ हे लिहायला धीर लागतो, पण या भागातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे: सांगून झाल्यावर जबाबदारी आपल्यावरून उतरली असे तिला वाटले, म्हणूनच ती दुसऱ्यांदा गेली नाही.

सापळा एकच. ‘मला वाटले की सिस्टरांनी लगेच यायला हवे होते’ ही भावना नसून मत आहे. ते पुढच्या पायरीत जाते. येथे राग आला असेल तर ‘राग आला’ असे लिहावे. काका काय अनुभवत असतील याचे एखादे वाक्य येऊ शकते, मात्र ते त्यांच्या बोलण्या-वागण्यावर आधारलेले असावे. “जरा पंखा मोठा कर गं बाळा” असे ते म्हणाले असतील, तर ते त्यांच्या घालमेलीविषयी तुमच्या कल्पनेपेक्षा अधिक सांगते.

7. तिसरी पायरी: मूल्यमापन

काय बरे झाले आणि काय बरे झाले नाही, एवढेच येथे ठरवायचे असते; कारणे नाहीत. बरे झाले ते प्रथम लिहावे, कारण अवघड दिवसानंतर तेच सुचत नाही. आपल्या विद्यार्थिनीने श्वास पूर्ण मिनिट मोजला, चार्टवरचा आकडा उतरवून घेतला नाही, पुन्हा मोजून खात्री केली, रुग्णाला टेकून बसवले आणि त्याला सोडून गेली नाही. पहिल्या दिवशी यातील प्रत्येक गोष्ट लक्षणीय आहे आणि ती तशी लिहिण्यात बढाई नाही.

बरे झाले नाही ते असे: आकडा योग्य व्यक्तीपर्यंत पोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला, सांगितलेल्या वाक्यात एकही मोजमाप नव्हते, आणि पहिल्या प्रयत्नानंतर दुसरा झाला नाही. ‘शेवटी रुग्ण बरा झाला, त्यामुळे सगळे ठीक झाले’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. शेवट चांगला झाला म्हणून मधला उशीर योग्य ठरत नाही.

8. चौथी पायरी: विश्लेषण

गुण येथे मिळतात आणि जातातही येथेच. मूल्यमापनातील प्रत्येक उणिवेला ‘का’ विचारावे आणि उत्तरासाठी वाचलेल्या ज्ञानाचा आधार घ्यावा. तीन ‘का’ पुरे. सात घेतले तर एकही खोलवर जात नाही.

पहिला ‘का’: तिने स्वतःच्या मोजणीवर शंका का घेतली? चार्टवरील ओळीने आलेल्या एकाच आकड्याचे वजन नव्या विद्यार्थ्यावर पडते. पण श्वसनदर हे असे चिन्ह आहे, ज्याची नोंद अंदाजाने होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नाडी आणि सॅच्युरेशन यंत्र दाखवते. श्वास मात्र माणसाने छातीकडे पाहून मोजायचा असतो आणि त्याला पूर्ण मिनिट द्यावे लागते. प्रौढाचा विश्रांतीतील दर साधारण 12 ते 20 असतो, त्यामुळे न मोजता 20 लिहिले तरी ते कोणाला खटकत नाही. या वॉर्डात तसेच झाले, असे मात्र निबंधात म्हणता येणार नाही. आदल्या रात्री दर खरोखर 20 असेल आणि पहाटेनंतर वाढला असेल, हीही शक्यता आहे. दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि हेही लिहावे की दोन्हींत करायची गोष्ट एकच होती: आकडा कळवणे. नोंद खरी असेल, तर 20 वरून 28 ही रुग्ण बिघडत असल्याची खूण आहे. नोंद खोटी असेल, तर रुग्ण कदाचित आधीपासूनच बिघडलेला आहे.

दुसरा ‘का’: सॅच्युरेशन 95 पाहून तिला धीर का आला? येथे शरीरक्रियेचा आधार लागतो. न्यूमोनियात फुप्फुसाच्या काही भागात हवेची जागा स्रावाने भरते. शरीर जलद श्वास घेऊन ऑक्सिजनची तूट भरून काढण्याचा प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न जोवर पुरा पडतो, तोवर ऑक्सिमीटरचा आकडा फारसा घसरत नाही. म्हणजे 95 हा आकडा 28 च्या जोरावर टिकलेला असू शकतो. श्वसनदर पुष्कळदा आधी बोलतो तो यामुळेच.

याला मोजपट्टी हवी असेल तर न्यूज-2 हा गुणांकन तक्ता वापरता येतो. तो ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारून प्रसिद्ध केला. त्यात श्वसनदर 25 किंवा अधिक असल्यास एकट्या त्या चिन्हाला 3 गुण मिळतात. आपल्या रुग्णाचे सॅच्युरेशन 95 ला 1, नाडी 104 ला 1, ताप 101.2 म्हणजे सुमारे 38.4 अंश सेल्सियसला 1, आणि बीपी, शुद्ध, ऑक्सिजनशिवाय असणे यांना 0. बेरीज 6 येते. या तक्त्यानुसार 5 किंवा 6 गुणांना तातडीने तपासणीची गरज असते, आणि 7 पासून आणीबाणीचा प्रतिसाद सुरू होतो. एखाद्या एकाच चिन्हाला 3 गुण मिळाले तरी रुग्णाकडे त्वरेने पाहिले जावे, अशी त्यात तरतूद आहे.

हा तक्ता वापरताना दोन पथ्ये पाळावीत. तो 16 वर्षे किंवा अधिक वयाच्या रुग्णांसाठी आहे आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, म्हणून प्रसूती किंवा बालरोग वॉर्डातील प्रसंगाला तो लावू नये. दुसरे असे, की तुमच्या वॉर्डात तो वापरात नसेल, तर ‘वॉर्डाने न्यूज-2 पाळले नाही’ अशी टीका करणे अन्यायाचे आहे. ‘नंतर वाचन करताना मी हे गुण काढले, तेव्हा माझ्या अस्वस्थतेला आधार होता हे लक्षात आले’ असे लिहावे. त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते आणि नंतर काय कळले, हे वेगळे ठेवलेले निबंध परीक्षकाला लगेच ओळखू येतात.

तिसरा ‘का’, आणि माझ्या मते या प्रसंगाचा गाभा: तिने आकडा असूनही आकडा का सांगितला नाही? पहिले उत्तर श्रेणीक्रमाचे आहे. पहिल्या दिवशीची विद्यार्थिनी अनुभवी परिचारिकेला, अप्रत्यक्षपणे का होईना, ‘तुमची नोंद जुळत नाही’ असे सांगणार असते, म्हणून ती विधान मऊ करते. ‘जरा’, ‘असं वाटतंय’ हे शब्द आदरापोटी येतात, पण तातडी त्यांतच विरून जाते. दुसरे उत्तर वेळेचे आहे. सिस्टर इंजेक्शने भरत होत्या, आणि औषधे तयार करताना व्यत्यय आला तर चुका होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तिचा संकोच निराधार नव्हता. हे कबूल करून पुढचा प्रश्न विचारावा: मग थांबून काय करता आले असते? हातातली सिरिंज पूर्ण होईपर्यंत बाजूला उभे राहून नंतर आकडा सांगणे, किंवा त्याच वेळी दुसऱ्या स्टाफकडे अथवा निवासी डॉक्टरांकडे जाणे, हे दोन्ही मार्ग होते. तिसरे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूचे आहे. ‘बरं वाटत नाहीये’ हे मेडिसिन वॉर्डातील प्रत्येक रुग्णाविषयी खरे असते, त्यामुळे ‘बघते’ हे त्या वाक्याला मिळालेले रास्त उत्तर होते. एवढे लिहिले की निबंधातील सिस्टर खलनायिका राहत नाहीत.

गिब्जच्या चक्राची एक मर्यादा येथेच सांगावी लागते. ते सतत ‘मी काय केले’ असे विचारते, त्यामुळे एका पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, विद्यार्थ्याने चिंताजनक आकडा कोणाला सांगायचा हे सकाळी ठरवून दिले होते का, असे प्रश्न निसटतात. विश्लेषणाच्या शेवटी चार-पाच वाक्ये त्यासाठी राखून ठेवावीत. मात्र जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे.

9. पाचवी पायरी: निष्कर्ष

हा भाग लहान ठेवावा. वेगळे काय करता आले असते, एवढेच येथे सांगायचे असते, आणि नवी माहिती आणायची नसते. आपल्या प्रसंगात निष्कर्ष असा: तिचे निरीक्षण बरोबर होते, ते पोचवण्याची भाषा अपुरी होती, आणि पहिले उत्तर अपुरे वाटल्यावर दुसऱ्यांदा सांगण्याची तयारी नव्हती. ‘संवादाचे महत्त्व मला कळले’ हे वाक्य आले असेल तर खोडावे. ते कोणत्याही निबंधात चालते.

10. सहावी पायरी: कृती आराखडा

‘मी आत्मविश्वास वाढवेन’ हा आराखडा नव्हे, कारण तो झाला की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. काय करणार, कधीपर्यंत, आणि कोण पाहणार, ही तीन उत्तरे प्रत्येक मुद्द्यात असावीत. दोन मुद्दे पुरतात.

पहिला: पुढच्या पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक रुग्णाचा श्वास, नाडीवरचे बोट तसेच ठेवून, रुग्णाच्या लक्षात येऊ न देता पूर्ण मिनिट मोजणार, आठवड्याच्या शेवटी इन्स्ट्रक्टरना दोन रुग्णांवर माझी मोजणी त्यांच्या मोजणीशी ताडून पाहायला सांगणार. रुग्णाला कळले की श्वास मोजत आहेत, तर तो नकळत बदलतो, म्हणून ही युक्ती.

दुसरा: चिंताजनक बाब एसबार पद्धतीने सांगण्याचा सराव करणार. ही पद्धत मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली. तेथून ती रुग्णालयांत आली. सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी अशा चार भागांत ती बोलणे बसवते. आपल्या प्रसंगातले वाक्य त्यात असे होईल:

“सिस्टर, चौदा नंबरच्या काकांचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस आहे, मी दोनदा मोजला. न्यूमोनियासाठी काल दाखल झालेत, आधीच्या नोंदी वीसच्या आहेत. सॅच्युरेशन पंच्याण्णव, नाडी एकशे चार, ताप एकशे एक पॉइंट दोन. बोलताना त्यांना थांबावं लागतंय, मला त्यांचा श्वास बिघडतोय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघाल का, की मी डॉक्टरांना सांगू?”

हे सगळे वीस-पंचवीस सेकंदांत बोलून होते. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याला ‘बघते’ एवढे उत्तर पुरत नाही. वॉर्डात बोलताना बेड नंबर सांगावाच लागतो. निबंधात हे वाक्य उद्धृत करताना तो काढावा. सरावासाठी मैत्रिणीला सिस्टर करावे आणि तिला मुद्दाम “बघते गं, जा” असे म्हणायला सांगावे. पोस्टिंगच्या आदल्या संध्याकाळी असे दोनदा केले तरी जिभेला वळण लागते. आराखड्यात तारीख घालावी आणि पहिला खरा प्रसंग आल्यावर तो लॉगबुकमध्ये नोंदवणार असेही लिहावे.

11. देण्यापूर्वीची तपासणी

पूर्ण निबंध एकदा फक्त काळासाठी वाचावा: घडलेले भूतकाळात, ज्ञानाचा आधार वर्तमानकाळात, आराखडा भविष्यकाळात. मग फक्त ओळख पटवणारे तपशील शोधत वाचावा. तिसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीने त्या पायरीचे नाव लिहावे. वर्णनात ‘त्यांनी करायला हवे होते’ किंवा मूल्यमापनात ‘कारण’ सापडले, तर ते वाक्य योग्य पायरीत हलवावे.

शेवटची सूचना निबंधाच्या बाहेरची आहे. लिहिताना लक्षात आले की त्या दिवशी रुग्णाला इजा झाली होती, चुकीचे औषध गेले होते, किंवा कोणाला त्रास दिला गेला होता, तर ते निबंधातून कळवण्याची वाट पाहू नये. निबंध वर्गशिक्षकांच्या टेबलावर आठवडाभर पडून राहू शकतो. अशी गोष्ट त्याच दिवशी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना तोंडी सांगावी आणि वॉर्डाच्या पद्धतीनुसार घटनेची नोंद करायला त्यांची मदत घ्यावी. निबंध त्यानंतर, त्यांच्याशी बोलून, त्याच प्रसंगावर लिहायचा की दुसऱ्या, ते ठरवावे.